विश्लेषण : तोंडी उत्तरात पहिला, लेखी पेपरात काठावर! ‘दुहेरी विशेष’ मुले शाळांच्या नजरेतून का सुटतात?

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ ‘अक्षर सुधारा.’ ‘येत असूनही पेपर अपूर्ण सोडतो.’ पालकसभेत हे शेरे ऐकले नाहीत असे घर नवी मुंबईत क्वचितच सापडेल. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते तेवढ्यापुरतेच असतात. काही मुलांच्या बाबतीत मात्र हेच शेरे पहिलीपासून आठवीपर्यंत दरवर्षी येतात आणि त्यांच्याकडे कोणी निदानाच्या नजरेने पाहत नाही. ही मुले असामान्य बुद्धीची असतात आणि त्याच वेळी त्यांना वाचन, लेखन किंवा गणनाची अध्ययन अक्षमताही असते. शिक्षणशास्त्रात त्यांना ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ किंवा थोडक्यात ‘टू-ई’ म्हणतात. मराठीत ‘दुहेरी विशेष’ म्हणता येईल. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेला सवलती आहेत, हुशार मुलांसाठी परीक्षा आणि उपक्रमही आहेत. तरीही दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतील, तर ते दोन्हीकडून का निसटते?

‘दुहेरी विशेष’ म्हणजे नेमके कोण?

विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. बुद्धी, दृष्टी, श्रवण आणि शिकण्याची संधी पुरेशी असूनही वाचन (डिस्लेक्सिया), लेखन (डिस्ग्राफिया) किंवा गणन (डिस्कॅल्क्युलिया) यांपैकी एखादे कौशल्य अपेक्षेप्रमाणे बसत नाही, तेव्हा हा शब्द वापरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश आहे. दुसऱ्या बाजूला, बुद्धिमापन चाचणीत साधारण १३० किंवा त्याहून अधिक बुद्ध्यांक, म्हणजे वरचे सुमारे दोन टक्के, हा प्रज्ञावान मुले ओळखण्याचा रूढ निकष आहे.

या दोन व्याख्या एकमेकींना छेद देत नाहीत. अतिशय तल्लख मुलालाही अक्षर आणि ध्वनी यांची जोडणी अवघड जाऊ शकते. अमेरिकेत जून मेकर यांनी १९७७ मध्येच अशा मुलांवर पुस्तक लिहिले होते. आपल्याकडे मात्र सर्वसामान्यांच्या मनातले डिस्लेक्सियाचे चित्र २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने घडवले. त्या चित्रपटाने खूप जागृती केली, पण एक प्रतिमाही पक्की केली : सगळ्या विषयांत नापास होणारा आणि सुंदर चित्रे काढणारा मुलगा. जे मूल ६५ टक्के मिळवून दरवर्षी वरच्या वर्गात जाते, त्याच्याकडे पाहून कोणालाही तो चित्रपट आठवत नाही.

ती दिसत का नाहीत?

कारण हुशारी आणि अक्षमता एकमेकींना झाकतात. अमेरिकी अभ्यासक सुझन बॉम यांनी अशा मुलांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटातील मुलांची हुशारी दिसते, अडचण दिसत नाही. त्यांना ‘आळशी’ म्हटले जाते. दुसऱ्या गटात अडचण दिसते आणि तिच्या ओझ्याखाली हुशारी दबते. या मुलांना उपचारात्मक वर्गात बसवून तीच ती अक्षरे गिरवायला लावली जातात. तिसऱ्या गटात दोन्ही गोष्टी परस्परांना इतक्या बेमालूम झाकतात, की मूल ‘मध्यम’ दिसते. हाच गट सर्वात मोठी पंचाईत करतो, कारण मध्यम मुलाबद्दल शाळेची कोणतीच यंत्रणा हलत नाही.

असे मूल अडचण कशी भरून काढते, हे पाहण्यासारखे असते. ते धडा वाचत नाही, तर शिक्षकांनी वर्गात शिकवलेला ऐकून लक्षात ठेवते. उताऱ्यातला अडलेला शब्द ओळखण्याऐवजी संदर्भावरून ताडते. एखाद्या शब्दाच्या शुद्धलेखनाची खात्री नसेल, तर उत्तरात तो शब्दच टाळते आणि सोपा शब्द योजते. म्हणजे बोलताना ‘बाष्पीभवन’ सहज म्हणणारे मूल वहीत ‘पाणी उडून जाते’ असे लिहिते. तपासणाऱ्याला उत्तर कच्चे वाटते. प्रत्यक्षात ती एक चांगली युक्ती असते. ती पाचवी-सहावीपर्यंत पुरते, पण पुढे धडे लांबतात, उत्तरे मोठी होतात आणि वेळ तेवढाच राहतो.

चाचणीतली सरासरी काय लपवते?

एक काल्पनिक, पण प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. नेरुळमधला सहावीतला ११ वर्षांचा मुलगा. आईवडिलांनी आग्रह धरल्यामुळे त्याची बुद्धिमापन चाचणी झाली. त्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली जाणारी ‘मालिन’ चाचणी घेतली गेली. वेश्लर यांच्या मूळ चाचणीचे हे भारतीय रूप डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात तयार केले. ६ ते १५ वर्षे वयासाठी असलेल्या या चाचणीत शाब्दिक आणि कृतीच्या अशा उपचाचण्या असतात. प्रत्येकीचा गुणांक काढून त्यांची सरासरी घेतली जाते. १०० म्हणजे त्या वयाचा मध्य.

या मुलाचे शाब्दिक गुणांक असे : सामान्य माहिती १२५, व्यवहारज्ञान १३२, साम्य ओळखणे १४५, शब्दसंग्रह १३८, अंकगणित ९८ आणि ऐकलेले अंक लक्षात ठेवणे ८२. सरासरी १२०. कृतीच्या भागात चित्रातील उणीव शोधणे १२४, ठोकळ्यांची रचना १४०, तुकडे जोडणे १३१, चक्रव्यूह १०९ आणि चिन्हे पाहून भराभर उतरवणे ७६. सरासरी ११६. दोन्ही मिळून बुद्ध्यांक ११८.

अहवालाच्या शेवटच्या ओळीत ‘सरासरीपेक्षा वर’ असे लिहिले जाते आणि फाइल मिटते. ११८ म्हणजे चांगला, पण असामान्य नव्हे. पण आकडे पुन्हा पाहा. विचार करण्याशी संबंधित सात उपचाचण्यांत हा मुलगा १२४ ते १४५ दरम्यान आहे. त्याला खाली खेचणाऱ्या दोन मुख्य उपचाचण्या वेगळ्या गोष्टी मोजतात. एक, ऐकलेले क्षणभर डोक्यात धरून ठेवणे. दुसरी, हाताने वेगात उतरवणे. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा यांत ६९ गुणांचे अंतर आहे. ११८ हा आकडा या मुलाच्या कोणत्याच क्षमतेचे वर्णन करत नाही. एका खोलीत वातानुकूलन १६ अंशांवर आणि दुसरीत हीटर ४० अंशांवर असताना ‘घराचे तापमान २८’ असे सांगण्यातला हा प्रकार आहे.

वेश्लर चाचणीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यावर तोड आहे. स्मरण आणि वेगाच्या उपचाचण्या बाजूला ठेवून केवळ विचारक्षमतेचा स्वतंत्र निर्देशांक काढता येतो. मालिन चाचणीत असा अधिकृत निर्देशांक नाही. शिवाय तिचे मूळ निकष अर्धशतकाहून जुने आहेत. पण उपचाचण्यांचे आकडे तिच्यातही असतात. ते पालकांना आणि शाळेला दाखवले जातात की केवळ शेवटचा आकडा सांगितला जातो, एवढाच प्रश्न आहे.

‘दोन इयत्ता मागे’चा नियम आडवा कसा येतो?

अध्ययन अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यांकावर होत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याची एक साखळी आखून दिली होती. तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकाने प्राथमिक पाहणी करायची आणि शाळेने मुलाला पुढे पाठवायचे. बालरोगतज्ज्ञाने दृष्टी, श्रवण आणि अन्य कारणे तपासायची. मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यांक पाहायचा. तो ८५ च्या वर असेल, तर वाचन, लेखन, शुद्धलेखन, आकलन आणि गणित यांच्या चाचण्या घ्यायच्या. या टप्प्यावर आपल्याकडील रूढ कसोटी अशी, की मुलाची शैक्षणिक पातळी त्याच्या इयत्तेपेक्षा दोन वर्षे मागे असली पाहिजे.

नेरुळच्या उदाहरणातला मुलगा इथे कुठे बसतो? समजा, त्याचे वाचन पाचवीच्या पातळीचे आहे, शुद्धलेखनही पाचवीचे. उतारा वाचून दाखवला तर मात्र तो आठवीच्या पातळीचे प्रश्न सोडवतो. वाचन इयत्तेपेक्षा एकच वर्ष मागे आहे, म्हणून ‘निकष पूर्ण होत नाहीत’ असे उत्तर मिळते. त्याची तुलना सहावीच्या सरासरी मुलाशी झाली. त्याच्या स्वतःच्या आकलनाशी झाली असती, तर अंतर तीन इयत्तांचे निघाले असते.

नियमामागे कारण नाही असे नाही. प्रमाणपत्रामुळे परीक्षेत सवलती मिळतात, त्यामुळे गैरवापराची भीती असते. तपासणी केंद्रे कमी, रांगा मोठ्या. अशा वेळी स्पष्ट दिसणारी मागासलेली पातळी ही सोपी आणि वादातीत कसोटी ठरते. बुद्धी आणि यश यांतील फरकावर निदान करण्याच्या पद्धतीवरही टीका झाली आहे. मूल पुरेसे मागे पडेपर्यंत थांबावे लागते, म्हणून अमेरिकेने २००४ मध्ये तो निकष सक्तीचा ठेवला नाही. पण हाच आक्षेप ‘दोन इयत्ता मागे’ या नियमालाही लागू होतो. हुशार मूल दोन इयत्ता मागे पडायला वेळ लागतो. तोवर ते आठवी-नववीत गेलेले असते आणि घरात दहावीची चर्चा सुरू झालेली असते.

पहिली पायरी तर त्याहून आधी अडते. शिक्षकाने पाठवले तरच मूल तपासणीपर्यंत पोहोचते आणि शिक्षक पाठवतो तो नापास होणाऱ्या किंवा वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाला. वर्गात चाळीस-पन्नास मुले असताना पास होणाऱ्या मुलासाठी अर्ज भरण्याचे कारण शिक्षकाला दिसत नाही.

मराठी माध्यमात अडचण आणखी लपते?

हो, आणि त्याचे कारण लिपीत आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बेभरवशाचे असते. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मूल मोठ्याने वाचताना चुकते आणि चूक ऐकू येते. देवनागरीत बहुतांश जसे लिहिले तसे वाचता येते. अशा लिपींत हुशार मूल सरावाने अचूक वाचायला शिकते, पण त्याचा वेग वाढत नाही. ते अक्षर-अक्षर लावत राहते. शिक्षक ‘वाचता येते’ एवढीच नोंद करतात, किती वेळात ते पाहत नाहीत. लेखनात ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि जोडाक्षरे चुकतात, पण तशा चुका अनेक मुले करतात म्हणून त्या ‘अशुद्ध लेखन’ या खात्यात जमा होतात.

मराठीत प्राथमिक तपासणीची साधनेच नाहीत असेही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. तिची पाहणीपत्रे पहिली ते पाचवीच्या शिक्षकांनी भरण्यासाठी आहेत. नवी मुंबईत महापालिकेचे वाशीतील ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करते, तर खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. म्हणजे शहरात पत्ता नाही अशी स्थिती नाही. पण त्या पत्त्यावर मूल पाठवावे असे शाळेला वाटणे, ही अडचण कायम राहते.

हुशारी शोधणाऱ्या परीक्षांत ही मुले का दिसत नाहीत?

महाराष्ट्रात प्रज्ञाशोधाची परंपरा जुनी आहे. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठीच. अध्ययन अक्षमतेची वाट मुंबईतून निघाली. १९९६ मध्ये महाराष्ट्राने शालान्त परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या आणि असे करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. सायनच्या लोकमान्य टिळक पालिका रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्रातून डॉ. सुनील करंदे यांनी यावर दीर्घकाळ संशोधन प्रसिद्ध केले. पुण्याची वाट आणि मुंबईची वाट यांची गाठ मात्र शालेय व्यवस्थेत पडली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रज्ञावान विद्यार्थी चौथ्या प्रकरणात येतात आणि अध्ययन अक्षमता सहाव्या प्रकरणात.

प्रत्यक्ष परीक्षांकडे पाहिले की ही फारकत स्पष्ट दिसते. शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. म्हणजे प्रश्न वाचून, सोडवून, उत्तरपत्रिकेवरील योग्य गोल काळा करायला ७२ सेकंद. बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्नही याच चौकटीत येतात. सावकाश वाचणाऱ्या मुलाला ते प्रश्न सुटतात, पण पन्नासाव्या प्रश्नाशी वेळ संपतो. मुंबई-नवी मुंबईत मान असलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत प्रात्यक्षिक, मुलाखत आणि प्रकल्प असे टप्पे आहेत. तिथे असे मूल खरोखर चमकू शकते. पण त्या टप्प्यांचे दार लेखी परीक्षेतून उघडते. खासगी क्लासेसच्या ‘फाउंडेशन’ तुकड्यांच्या प्रवेश चाचण्याही वेगावरच चालतात. आपण हुशारी शोधतो असे म्हणतो आणि पहिल्याच चाळणीत वेगाने वाचणे मोजतो.

प्रमाणपत्र मिळाले की प्रश्न सुटतो?

अर्धाच. कारण सवलती दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतला फरक पालकांना क्वचित सांगितला जातो. पहिल्या प्रकारात परीक्षा देण्याची रीत बदलते : तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, शुद्धलेखनाचे गुण न कापणे. दुसऱ्या प्रकारात विषयच हलका होतो किंवा सुटतो : एखाद्या भाषेतून सूट, गणिताऐवजी खालच्या पातळीचे अंकगणित.

डिस्कॅल्क्युलिया तीव्र असलेल्या मुलाला दुसऱ्या प्रकारची सवलत मोठा आधार देते. दुहेरी विशेष मुलासाठी ती सापळा ठरू शकते. उदाहरणातल्या मुलाला गणित समजते, फक्त पायऱ्या लिहिताना अंक उलटसुलट होतात. त्याने ‘सोपे पडेल’ म्हणून अंकगणित घेतले, तर दहावीनंतर गणितासह विज्ञानाची वाट बंद होते. त्याला हवा आहे तोच पेपर, पण जादा वेळ आणि कच्च्या कामासाठी गणकयंत्र. अर्ज भरताना ‘उपलब्ध सर्व सवलती’ यावर खूण करण्याआधी हा विचार व्हायला हवा.

सवलत कागदावर असून हातात न मिळण्याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २०२१ च्या नीट परीक्षेत मुंबईतील एका केंद्रावर डिस्ग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला एक तासाचा जादा वेळ नाकारण्यात आला आणि इतरांबरोबरच तिची उत्तरपत्रिका घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला नुकसान भरून काढण्याचा मार्ग ठरवायला सांगितले. ती विद्यार्थिनी प्रज्ञावान होती का, हा न्यायालयापुढचा प्रश्न नव्हता. पण देशातल्या सर्वात चुरशीच्या परीक्षांपैकी एकीला बसणाऱ्या उमेदवारालाही लेखनाची अक्षमता असू शकते, हे परीक्षा केंद्राच्या गावी नव्हते, एवढे त्यातून दिसले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी महत्त्वाची गोष्ट सांगितली. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या एमबीबीएस पदवीधराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या ठरलेल्या मर्यादेत बसत नव्हते. लेखनिकाचा हक्क त्या मर्यादेपुरता नाही, गरज असेल तर सोय द्यावी लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष अडचण पाहा, हा त्याचा गाभा. शाळांच्या पातळीवर तो अजून उतरलेला नाही.

आळस आणि अक्षमता यांत फरक कसा करायचा?

निदान तज्ज्ञांनीच करायचे असते, पण शंका घेण्यासाठी शाळेला यंत्रे लागत नाहीत. एक सोपी पडताळणी अशी. एकाच धड्यावरचे सारख्या काठिण्याचे दहा प्रश्न घ्यायचे. पाच तोंडी विचारायचे, पाच लेखी. कंटाळलेले मूल दोन्हीकडे कंटाळते. अक्षमता असलेल्या मुलाचे तोंडी उत्तर सविस्तर असते, लेखी उत्तर दोन ओळींत संपते. दुसरी पडताळणी वेळेची. एखाद्या घटक चाचणीत अख्ख्या वर्गाला दीडपट वेळ द्यायचा आणि नेहमीची वेळ संपली तिथे सर्वांना रेघ मारायला सांगायची. ज्यांना उत्तर येतच नाही त्यांची रेघेखाली फारशी भर पडत नाही. या मुलाची मात्र बरोबर उत्तरे तिथून सुरू होतात.

चुकांची ठेवणही बोलते. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला असणे, फळ्यावरून उतरवताना ओळ गळणे, आवडत्या विषयाच्या वहीतही तेच अक्षर आणि त्याच चुका असणे. निष्काळजीपणा आवडीनुसार कमी-जास्त होतो, अक्षमता होत नाही. घरी विचारायचा प्रश्न एकच : अर्ध्या तासाच्या गृहपाठाला किती वेळ लागतो आणि त्यात विचार किती, लिहिणे किती?

या खुणांच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. चाचणीच्या उपभागांत थोडाफार चढउतार सर्वच मुलांत असतो, तेवढ्यावर निदान होत नाही. अंक लक्षात न राहण्यामागे चिंता, अपुरी झोप, अवधानाची अडचण किंवा कमी ऐकू येणे असू शकते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाचे शब्दसंग्रहाचे गुण भाषेमुळे घसरू शकतात. महापालिका शाळेतल्या, घरात पुस्तके नसलेल्या मुलाची हुशारी शाब्दिक चाचणीत कमीच दिसते, म्हणून ठोकळे आणि आकृत्यांचे भाग त्याच्या बाबतीत अधिक बोलके ठरतात. आणि प्रत्येक संथ लिहिणारे मूल छुपे प्रज्ञावान नसते. म्हणूनच मुलाच्या क्षमता एकमेकींशी ताडून पाहणे हे निदानाचे पहिले पाऊल आहे, निकाल नव्हे.

मग काय बदलायला हवे?

तीन गोष्टी नियमांच्या चौकटीत राहूनही करता येतील. पहिली, तपासणीला पाठवण्याचे कारण. ‘नापास होतो’ याऐवजी ‘तोंडी आणि लेखी कामगिरीत मोठी तफावत’ हे कारण शाळांच्या अर्जात आले, तर पास होणारी मुलेही साखळीत येतील. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५ मध्ये राज्यांना हेच बजावले होते, की बुद्धी चांगली आहे एवढ्यावरून अक्षमतेची तपासणी नाकारता येणार नाही. सीबीएसई शाळांत विशेष शिक्षक नेमण्याची अट आधीच आहे. त्यांचे काम मागे पडलेल्या मुलांपुरते न ठेवता अशा तफावतींची दरवर्षी एक यादी काढण्यापर्यंत वाढवणे अवघड नाही.

दुसरी, अहवालाची रीत. उपचाचण्यांत मोठी दरी असेल, तर एकूण बुद्ध्यांकाचा आकडा एकटा लिहू नये. सर्व गुणांक आणि त्यांचा अर्थ पालकांना समजेल अशा भाषेत द्यावा. इयत्तेशी तुलना करतानाच मुलाच्या ऐकून समजण्याच्या पातळीशीही तुलना नोंदवावी. प्रमाणपत्राचा निकष कडक ठेवायचा असेल, तर ठेवावा. पण निकषात न बसणाऱ्या मुलाला शाळेच्या घटक चाचणीत जादा वेळ द्यायला राज्य मंडळाच्या प्रमाणपत्राची गरज नसते. तो अधिकार मुख्याध्यापकांचाच आहे.

तिसरी, प्रज्ञाशोधाची दारे. शिष्यवृत्तीपासून विज्ञान परीक्षांपर्यंत प्रवेशाची पहिली चाळणी वेगाची आहे. प्रात्यक्षिक किंवा प्रकल्पाद्वारे थेट पुढच्या टप्प्यावर येण्याची काही जागांपुरती तरी सोय ठेवता येईल. आणि मुलाला हुशारीचे खाद्य व अक्षमतेवरचे उपाय एकाच वेळी मिळायला हवेत. आज अनेक शाळांत उलटे होते. ‘आधी अक्षर सुधार, मग रोबोटिक्स’ असे सांगून ज्या तासाला मूल उजळते तोच तास काढून घेतला जातो आणि त्या जागी गिरवण्याचा तास येतो.

यातला सर्वात स्वस्त बदल पालकसभेतच होऊ शकतो. ‘येत असूनही लिहीत नाही’ हा शेरा लिहिताना त्यापुढे एक रकाना हवा : तोंडी विचारल्यावर काय सांगतो? सलग दोन वर्षे तो रकाना चांगला आणि लेखी गुण सामान्य राहिले, तर त्या मुलाला आणखी एका शेऱ्याची नाही, तपासणीची गरज आहे.